अर्धा टक्का की साडेबारा टक्के?

३१ मार्च २०२१ च्या रात्री केंद्रीय अर्थ मंत्रालयाने अल्पबचत योजनांचे नवे व्याजदर जाहीर केले. पोस्टातले बचत खाते, मुदत ठेव, पीपीएफ, ज्येष्ठ नागरिक बचत योजना, सुकन्या समृद्धी या सगळ्यांचे दर खाली आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रे घरोघरी पोहोचली, तेव्हा त्यांत या कपातीची बातमी होती. पण त्याच सकाळी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ट्विट करून सांगितले, की हा आदेश नजरचुकीने निघाला आहे, तो मागे घेतला जाईल आणि आधीच्या तिमाहीचेच दर चालू राहतील. नवे दर त्या दिवसापासून लागू व्हायचे होते. ते झालेच नाहीत.

दर रद्द झाले, तरी त्यांचा तक्ता आजही मन लावून वाचण्यासारखा आहे. व्याजदराच्या तक्त्यात ‘बदल’ या शब्दाखाली दोन अगदी वेगळे आकडे लिहिता येतात आणि दोन्ही बरोबर असतात, हे त्यातून फार स्पष्ट दिसते. तेव्हाच्या बातम्यांत ‘१.१ टक्क्यांपर्यंत कपात’ असे शब्द होते. एका वर्षाच्या मुदत ठेवीचा दर ५.५ वरून ४.४ वर येणार होता. त्या ठेवीदाराचे व्याज मात्र एकपंचमांशाने, म्हणजे २० टक्क्यांनी घटणार होते. १.१ आणि २० हे दोन्ही आकडे एकाच ओळीचे आहेत.

त्या तक्त्यातल्या सहा ओळी अशा होत्या. शेवटचे दोन स्तंभ येथे काढून दिले आहेत.

| योजना | जुना दर (%) | नवा दर (%) | फरक (टक्केबिंदू) | बदल (टक्के) |
|---|---|---|---|---|
| बचत खाते | ४.० | ३.५ | −०.५ | −१२.५ |
| मुदत ठेव, १ वर्ष | ५.५ | ४.४ | −१.१ | −२०.० |
| आवर्ती ठेव, ५ वर्षे | ५.८ | ५.३ | −०.५ | −८.६ |
| मासिक प्राप्ती योजना | ६.६ | ५.७ | −०.९ | −१३.६ |
| पीपीएफ | ७.१ | ६.४ | −०.७ | −९.९ |
| ज्येष्ठ नागरिक बचत योजना | ७.४ | ६.५ | −०.९ | −१२.२ |

चौथ्या स्तंभाचे गणित म्हणजे साधी वजाबाकी. नव्या दरातून जुना दर वजा केला, की फरक मिळतो. हा फरक टक्केबिंदूंत सांगतात. बोलताना आपण त्यालाच ‘पाव टक्का’, ‘अर्धा टक्का’ म्हणतो. बँका आणि रिझर्व्ह बँक तोच फरक आणखी बारीक करून बेसिस पॉइंटमध्ये सांगतात. एका टक्केबिंदूचे शंभर बेसिस पॉइंट होतात. ४ मे २०२२ रोजी रेपो दर ४.०० वरून ४.४० वर गेला, तेव्हा ती वाढ ०.४० टक्केबिंदूंची, म्हणजेच ४० बेसिस पॉइंटची होती.

पाचव्या स्तंभासाठी आणखी एक पायरी चढावी लागते. आलेल्या फरकाला जुन्या दराने भागायचे आणि १०० ने गुणायचे. बचत खात्याच्या ओळीत फरक ०.५ आहे आणि जुना दर ४. ०.५ भागिले ४ म्हणजे ०.१२५, आणि गुणिले १०० म्हणजे १२.५. भागायचे ते जुन्या दरानेच. घाईत नव्या दराने, ३.५ ने भागले, तर उत्तर १४.३ येते आणि तो आकडा या कपातीचा उरत नाही.

आता चौथा आणि पाचवा स्तंभ शेजारी ठेवून पाहिले, तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. बचत खाते आणि आवर्ती ठेव या दोन्हींत फरक अर्ध्या टक्क्याचाच आहे. पण बचत खात्याचे व्याज साडेबारा टक्क्यांनी घटते आणि आवर्ती ठेवीचा दर मात्र मूळच्या ८.६ टक्क्यांनीच उतरतो. क्रमही उलटतो. टक्केबिंदू पाहिले, तर ज्येष्ठ नागरिकांची योजना बचत खात्यापेक्षा जास्त उतरलेली दिसते, ०.९ विरुद्ध ०.५. टक्क्यांतला बदल पाहिला, तर बचत खाते किंचित पुढे जाते, १२.५ विरुद्ध १२.२. ‘सर्वाधिक फटका कोणाला’ असा मथळा द्यायचा असेल, तर पहिल्या क्रमांकावर दोन्ही हिशेबांनी एका वर्षाची मुदत ठेवच येते. त्याखालचा क्रम कुठला स्तंभ निवडला यावर ठरतो.

याचे कारण पायात आहे. जुना दर जितका लहान, तितके एका टक्केबिंदूचे वजन जास्त. दर ४ असताना एक टक्केबिंदू म्हणजे त्या दराचा चौथा हिस्सा, २५ टक्के. दर ८ असताना तोच टक्केबिंदू साडेबारा टक्क्यांचा होतो. मूळ आकडा ५० असेल, तर एक टक्केबिंदू म्हणजे दोन टक्के, आणि मूळ आकडा शंभराच्या जवळ असेल, तर दोन्ही हिशेब जवळजवळ एकच उत्तर देतात. त्यामुळे मतदानाच्या किंवा साक्षरतेच्या तक्त्यात ही गल्लत झाली, तरी चूक तुलनेने लहान राहते. व्याजदर, महागाईचा दर, बेरोजगारीचा दर हे बहुधा एक आकडी असतात. तिथे चूक दहापट-वीसपट होते.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची ओळ रुपयांत मांडली, की दोन्ही आकडे नेमके कशाचे आहेत ते कळते. २०२१ साली या योजनेत एका व्यक्तीला जास्तीत जास्त १५ लाख रुपये ठेवता येत होते. व्याज दर तिमाहीला हातात मिळते. ७.४ टक्क्यांनी १५ लाखांचे वर्षाचे व्याज १,११,००० रुपये होते, म्हणजे तिमाहीला २७,७५०. ६.५ टक्क्यांनी तेच व्याज ९७,५०० रुपये होते, म्हणजे तिमाहीला २४,३७५. वर्षाला १३,५०० रुपये कमी.

हे १३,५०० रुपये १५ लाखांच्या मुद्दलाचे ०.९ टक्के आहेत. आणि तेच १३,५०० रुपये १,११,००० रुपयांच्या व्याजाचे १२.२ टक्के आहेत. सगळा उलगडा इथे होतो. टक्केबिंदूंतला फरक मुद्दलाच्या मापाने सांगितलेला असतो, टक्क्यांतला बदल मिळकतीच्या मापाने. पैसा तोच आहे, फक्त भागाकार दोन वेगवेगळ्या रकमांनी केला आहे.

चूक कुठे होते, तेही याच ओळीवर पाहता येते. ‘दर ०.९ टक्क्यांनी घटला’ असे वाचून एखाद्या निवृत्त माणसाने आपल्या व्याजातून ०.९ टक्के वजा केले, तर १,११,००० रुपयांतून ९९९ रुपये गेले असे त्याला वाटेल. महिन्याला ८३ रुपयांची झळ, म्हणजे सोसता येण्याजोगी. खरी झळ महिन्याला १,१२५ रुपयांची असते. याच्या उलट, ‘ज्येष्ठांच्या योजनेत १२ टक्क्यांची कपात’ असा मथळा वाचून कुणाला आपल्या ठेवीतलेच बारा टक्के गेल्यासारखे वाटेल. प्रत्यक्षात मुद्दलाला धक्काही लागत नाही. एका चुकीने माणूस गाफील राहतो, दुसरीने विनाकारण घाबरतो.

या ओळीला आणखी एक मर्यादा आहे आणि ती तक्त्यात कुठेच लिहिलेली नसते. ज्येष्ठ नागरिक योजनेत खाते उघडतानाचा दर त्या खात्याच्या पाच वर्षांसाठी कायम राहतो. म्हणून कपात लागू झाली असती, तरी आधी पैसे ठेवलेल्यांचे २७,७५० रुपये तसेच चालू राहिले असते, नव्याने ठेवणाऱ्यांना २४,३७५ मिळाले असते. मुदत ठेवीचेही तसेच. पीपीएफ आणि बचत खात्याचा दर मात्र बदलला, की सगळ्या खातेदारांना लागू होतो. बदलाचा आकडा बरोबर वाचल्यावरही तो आपल्या खात्याला लागू आहे का, हे वेगळे तपासावे लागते.

सरकार स्वतः कोणत्या मापाने बोलते? अल्पबचतीचे दर २०१६ पासून दर तिमाहीला ठरतात. श्यामला गोपीनाथ समितीने सुचवलेल्या पद्धतीनुसार ते त्या-त्या मुदतीच्या सरकारी रोख्यांच्या परताव्याशी जोडलेले आहेत, आणि काही योजनांना त्या परताव्यावर थोडी भर मिळते. ज्येष्ठ नागरिक योजनेची भर एक टक्केबिंदूची आहे, पीपीएफची पाव टक्क्याची. ही सगळी मांडणी बेरीज-वजाबाकीची आहे, त्यामुळे सरकारी पत्रकात फरक टक्केबिंदूंतच येणे साहजिक असते. रिझर्व्ह बँकेचेही तेच. वाचकाला मात्र बहुतेक वेळा वेगळाच प्रश्न पडलेला असतो, ‘माझ्या हातात किती कमी पडणार?’ त्याचे उत्तर टक्क्यांतल्या बदलात असते. पत्रकार पत्रकातला आकडा उचलतो, त्यापुढे ‘टक्के’ लिहितो, आणि वाचक तो आपल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचतो.

छापील तक्त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो हातात येतो, तेव्हा ही गोंधळाची जागा आणखी वाढते. वर्तमानपत्रातल्या तक्त्याला मथळा असतो, खाली बारीक अक्षरांत तळटीप असते, शेजारी बातमी असते. फोटोत अनेकदा फक्त आकड्यांचा चौकोन उरतो. स्तंभाचे नाव अर्धे कापले जाते, किंवा ‘बदल (%)’ एवढेच दिसते. त्यावरून काहीच ठरत नाही, कारण अनेक तक्त्यांत टक्केबिंदूंच्या स्तंभावरही हेच चिन्ह छापतात. वजाबाकीची रेघ पुसट होते. दशांशचिन्ह घडीत किंवा सावलीत जाते आणि ५.५ चे ५५ दिसू लागतात.

जुना आणि नवा दर दोन्ही दिसत असतील, तर शंका एका मिनिटात फिटते. पहिल्या ओळीत नव्या दरातून जुना वजा करावा. उत्तर तिसऱ्या आकड्याशी जुळले, तर तो स्तंभ टक्केबिंदूंचा. जुळले नाही, तर फरकाला जुन्या दराने भागून शंभरने गुणावे. आता जुळले, तर स्तंभ टक्क्यांतल्या बदलाचा. मग दुसरी एखादी ओळ घेऊन हेच करावे, म्हणजे पहिल्या ओळीतली छपाईची चूक आपल्याला फसवणार नाही. टक्क्यांचे आकडे दशांशाच्या एका स्थळापर्यंत छापलेले असतात, तेव्हा ९.८६ ऐवजी ९.९ दिसला, तर ती चूक नसते. काही तक्त्यांत तर पूर्णांकच देतात, तिथे पीपीएफपुढे १० छापलेले दिसेल.

दोन दरांपैकी एक कापला गेला असेल, तर काम थोडे अवघड होते. समजा, फोटोत मासिक प्राप्ती योजनेचा जुना दर ६.६ दिसतो, नवा दर बोटाखाली गेला आहे आणि बदल −०.९ असा आहे. हा बदल टक्केबिंदूंत मानला, तर नवा दर ५.७ येतो. टक्क्यांत मानला, तर ६.६ चे ०.९ टक्के म्हणजे साधारण ०.०६, आणि नवा दर ६.५४ येतो. दोन्ही आकडे व्याजदर म्हणून शोभण्यासारखे आहेत, नुसत्या नजरेने चूक ओळखता येणार नाही. इथे योजनांची रीत कामी येते. या तक्त्यातले दर दशांशाच्या एकाच स्थळापर्यंत जाहीर झाले होते, त्यात ६.५४ असा दर बसत नाही. म्हणजे −०.९ हे टक्केबिंदू. त्याच जागी −१३.६ असते, तर निर्णय सोपा होता. ६.६ मधून १३.६ टक्केबिंदू वजा केले, तर दर शून्याच्या खाली जातो, तेव्हा तो आकडा टक्क्यांचाच असणार.

ही खूण प्रत्येक दराला चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. भविष्य निर्वाह निधीचा दर दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत जाहीर होतो. २०२१-२२ साठी तो ८.१० होता, २०२२-२३ साठी ८.१५ आणि २०२३-२४ साठी ८.२५. रेपो दरही दोन स्थळांपर्यंत सांगतात आणि तो अनेकदा पाव टक्क्याच्या टप्प्याने हलतो. ज्या दराचा तक्ता आहे, त्याची जाहीर करण्याची रीत माहीत असेल, तरच कापलेला आकडा खात्रीने भरून काढता येतो.

फोटोतून सगळ्यात आधी कापली जाते ती तारीख. १ एप्रिल २०२१ च्या तक्त्याच्या बाबतीत तारखेशिवाय तो फोटो निरुपयोगी आहे, कारण त्यातला ‘नवा दर’ कधी अंमलात आलाच नाही. पीपीएफचा ७.१ हा दर एप्रिल २०२० पासून लागू आहे आणि त्या रात्रीच्या घोषणेनंतरही तो तसाच राहिला. ज्येष्ठ नागरिक योजनेचा दर तर पुढे चढला. एप्रिल २०२३ पासून तो ८.२ झाला आणि ठेवीची मर्यादाही ३० लाखांवर गेली.

कपात मागे घेण्याच्या त्या सकाळी आणखी एक गंमतीशीर वाटणारी, पण नीट समजून घ्यावी अशी गोष्ट घडली. एका वर्षाच्या ठेवीचा दर रात्री ५.५ वरून ४.४ वर आला, ही घट २० टक्क्यांची. सकाळी तो ४.४ वरून पुन्हा ५.५ वर गेला, ही वाढ २५ टक्क्यांची. दर जिथे होता तिथेच परतला, तरी येण्याजाण्याचे टक्के सारखे नाहीत, कारण उतरताना भागाकार ५.५ ने केला आणि चढताना ४.४ ने. टक्केबिंदूंत मात्र जातानाही १.१ आणि येतानाही १.१. म्हणून वर्षभरातल्या चढउतारांची बेरीज करायची असेल, तर ती टक्केबिंदूंतच करावी. टक्क्यांतल्या बदलांची सरळ बेरीज केली, तर इथेही ‘५ टक्के वाढ’ असे उत्तर निघेल आणि वाढ तर एका पैशाचीही झालेली नाही.

त्याच कारणाने पाचव्या स्तंभाची सरासरी काढून ‘अल्पबचतीचे व्याज सरासरी इतक्या टक्क्यांनी घटले’ असे म्हणणेही बरोबर नाही. प्रत्येक योजनेत लोकांचे पैसे सारखे नाहीत. सरासरीला अर्थ यायला हवा असेल, तर प्रत्येक योजनेतल्या ठेवींची रक्कम हाताशी हवी आणि दराच्या तक्त्यात ती नसते.

मुदत लांब असली आणि व्याजावर व्याज चढत असले, की एकाच कपातीचे दोन नाही, चार आकडे तयार होतात. पीपीएफमध्ये कुणी दर वर्षाच्या सुरुवातीला दीड लाख रुपये भरले आणि पंधरा वर्षे दर ७.१ टक्केच राहिला, तर अखेरीस सुमारे ४०.६८ लाख रुपये मिळतात. यात भरणा २२.५ लाखांचा आणि व्याज १८.१८ लाखांचे. ती कपात टिकली असती आणि पंधराही वर्षे दर ६.४ टक्के राहिला असता, तर हातात सुमारे ३८.३० लाख आले असते, त्यात व्याज १५.८० लाखांचे.

आता या एकाच बदलाचे वर्णन चार प्रकारे करता येते. दर ०.७ टक्केबिंदूंनी कमी झाला. दर ९.९ टक्क्यांनी कमी झाला. मिळणारे एकूण व्याज १३.१ टक्क्यांनी कमी झाले. हातात येणारी पूर्ण रक्कम ५.९ टक्क्यांनी कमी झाली. व्याजाची घट दराच्या घटीपेक्षा मोठी आहे, कारण चक्रवाढीत पुढच्या वर्षांना व्याज चढवायला मुळात रक्कमच कमी उरते. पूर्ण रकमेची घट लहान दिसते, कारण त्यातला निम्म्याहून जास्त भाग खातेदाराने स्वतः भरलेला आहे आणि त्याला दराचा स्पर्श होत नाही. रुपयांत ही घट सुमारे २ लाख ३८ हजारांची आहे, आणि तक्त्यात तिच्यासाठी जागा एकाच आकड्याची होती, ०.७.